मी तपासलेली प्रयोगवही

दुसऱ्याच्या वहीतल्या चुका काढायला मला लहानपणापासून आवडतं. हे काही मिरवण्यासारखं नाही, पण खरं आहे. आई म्हणायची, "तुला देवळात नेलं तरी तू आधी तोरणातलं वाकडं पान बघशील." त्यामुळे एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी मॅडमनी वर्गात सांगितलं की यापुढे प्रत्येकाने एकेका वर्गमित्राची प्रयोगवही तपासायची, तेव्हा बाकीचे कुरकुरले आणि मी मात्र मनातून खूश झाले.

तमिळनाडूत कुंभकोणमला असलेल्या आमच्या कॉलेजची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा म्हणजे उंच छताची एक लांबलचक खोली. एका टोकाला वजनकाटा, दुसऱ्या टोकाला ओव्हन, आणि मध्ये आम्ही अकरा जण. माझ्या वाट्याला आली जवळच्याच दारासुरम गावची एक मुलगी. ती टाउन बसने यायची आणि वर्गात सगळ्यांत कमी बोलायची. तिचे वडील कच्चं रेशीम उकळून, रंगवून विणकरांना द्यायचे. कच्च्या रेशमावर किड्याने सोडलेला एक डिंक असतो. तो साबण-सोड्याच्या उकळत्या पाण्यात काढून टाकला की मग कुठे धागा मऊ होतो आणि चमकायला लागतो. साबणाऐवजी रिठ्याचं पाणी वापरून हे काम होतं का, हा तिच्या प्रोजेक्टचा विषय. वाळवलेल्या दोन ग्रॅम रेशमाची लडी उकळायची, धुवायची, ओव्हनमध्ये वाळवायची, डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवेतली ओल लागू न देणाऱ्या बंद भांड्यात, थंड करायची आणि वजन करायचं. वजन जेवढं घटलं तेवढा डिंक निघाला. सोपं काम, पण दहा ठिकाणी घसरायला जागा.

आणि तिच्यासाठी ते नुसतं मार्कांचं काम नव्हतं. बेंगळुरूच्या एका रेशीम प्रयोगशाळेत सहा महिने काम करायला एक विद्यार्थी हवा होता, राहण्याखाण्यासकट. मॅडमनी तिचं नाव सुचवलं होतं. तिकडच्यांची अट एकच होती. प्रोजेक्टचा सुबक टाइप केलेला अहवाल नको, मूळ प्रयोगवही पाठवा, आणि ती दुसऱ्या कुणीतरी तपासून सही केलेली हवी. तो दुसरा कुणीतरी म्हणजे मी. वही मंगळवारी जायची होती आणि माझ्या हातात ती शुक्रवारी आली.

वहीच्या आतल्या बाजूला मॅडमनी तीन प्रश्न चिकटवले होते. प्रत्येक नोंदीवर त्याच दिवसाची तारीख आहे का? डोळ्यांनी जे दिसलं ते सगळं, बिघडलेल्या मापांसकट, आकडा आणि एककासह लिहिलंय का? पद्धतीत काही बदललं असेल तर काय, कधी आणि का, ते नोंदलंय का? तपासणाऱ्याने शेरा शाईने लिहायचा. कुणीही काहीही खोडरबराने पुसायचं नाही, पांढऱ्या शाईने झाकायचं नाही.

मी वही उघडली आणि पहिल्याच पानाला माझ्या कपाळावर आठी पडली. इतकी सुंदर वही! एकाच निळ्या पेनाने, एकाच लयीत लिहिलेली, पट्टीने आखलेले तक्ते, कुठे शाईचा डाग नाही की पाण्याचा थेंब नाही. आता मला सांगा, जी मुलगी रोज दोन तास वाफेत उभी राहून रेशीम ढवळते तिच्या वहीवर एक डाग पडू नये? शिवाय तक्त्यात नुसते टक्के. साबण चोवीस, रिठा एकवीस, पुन्हा चोवीस, एकवीस. आधीचं वजन, नंतरचं वजन, कशाचा पत्ता नाही. आणि पद्धत पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत अक्षरशः तीच, 'डिस्टिल्ड वॉटर, एक लिटर'. मधल्या एका आठवड्यात आमच्या डिस्टिलेशनच्या यंत्राची कॉइल जळली होती आणि सगळी प्रयोगशाळा पाण्यासाठी बोंबलत होती, हे मला पक्कं आठवत होतं. मग हिने पाणी आणलं कुठून?

पण माझं डोकं खरं फिरलं ते तारखांवर. मी मोबाइलवर महिना काढून बघितला तर तिच्या तीन नोंदी रविवारच्या होत्या. रविवारी प्रयोगशाळेला कुलूप असतं, किल्ली मॅडमकडे असते. मी वजनकाट्याजवळचं रजिस्टर उघडलं. काटा वापरणाऱ्याने त्यात तारीख, वेळ आणि नाव लिहायचं असतं. शनिवारच्या नोंदी संपून खाली थेट सोमवार सुरू होत होता, रविवार नव्हताच. मी रजिस्टर फाटकन मिटलं. सोमवारच्या ओळी मी वाचल्या नाहीत. वाचल्या असत्या तर ही गोष्टच घडली नसती, पण राग आला की मला पुढची ओळ दिसत नाही.

ती ओव्हनपाशी उभी होती. मी तिथेच, सगळ्यांसमोर विचारलं, "रविवारी कुलूप तोडून आत आलीस का गं?"

तिला काही कळलंच नाही. "कधी?"

"हे बघ. हा रविवार, हा रविवार आणि हा पण रविवार. वजनं कुठे आहेत? घरी बसून आकडे रचलेस ना?"

आम्ही अर्थात तमिळमध्ये बोलत होतो. आमचं घर पिढ्यान्पिढ्या इथलंच, मराठी उंबऱ्याच्या आतली, बाहेर सगळी तमिळ. भांडायला तमिळ फार सोयीची भाषा आहे आणि मी ती सोय पुरेपूर वापरली. तिचा चेहरा कसा झाला तो मी अजून विसरले नाही. हातातला चिमटा तिने हळूच टेबलावर ठेवला, पिशवी उचलली आणि निघून गेली. वही माझ्याकडेच राहिली. मी तपासणाऱ्याच्या पानावर लाल शाईने लिहिलं, 'नोंदी विश्वासार्ह नाहीत.' खाली सही, तारीख. सहीला झोकदार शेपूट काढायलाही विसरले नाही.

मॅडमकडे वही घेऊन गेले तेव्हा मला वाटलं होतं शाबासकी मिळेल. त्यांनी शेरा वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मूळ आकडे तिने कुठे टिपले होते?"

"माहीत नाही मॅडम."

"विचारलंस?"

"मी म्हटलं की वजनं कुठे आहेत..."

"ते विचारणं नव्हतं, ते तुझं ओरडणं होतं. मला इथपर्यंत ऐकू आलं." त्यांनी वही माझ्या हातात परत दिली. "तपासणारा आधी विचारतो, मग बघतो, मग लिहितो. तू शेवटून सुरुवात केलीस. सोमवारी मला तुझा पूर्ण शेरा हवा. तो वाईट असला तरी चालेल, पण कारणासकट."

शनिवार मी घरात धुसफुसत काढला. ती येईल, समजावेल, अशी वाट बघितली. ती आली नाही, फोनही उचलला नाही. रविवारी सकाळी मी मुकाट्याने सातची बस धरली.

तिचं घर शोधायला त्रास पडला नाही. दारासुरमच्या त्या गल्लीत ओल्या रेशमाचा वास येतो, त्या वासामागे गेलं की झालं. अंगणात बांबूंवर लाल लड्या वाळत घातल्या होत्या. तिच्या आईने मला आत बोलावलं, कुणाची कोण हे विचारायच्या आधी कॉफीचा पेला हातात दिला. ती आतून आली, मला बघून दारातच थांबली. मी बसले होते तिथल्या भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं, राहुकाळ, शुभवेळ वगैरे छापलेलं. तिचे वडील आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून आले. दिवा लावला, कॅलेंडरचं वरचं पान टर्रकन फाडलं आणि सवयीनेच मुलीच्या हातात दिलं. तिनेही ते सवयीनेच चार घड्या घालून कमरेला खोचलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"मागची बाजू कोरी असते ना," ती खाली बघत म्हणाली. "लिहायला घेते. प्रयोगशाळेत मी ह्याच्यावरच टिपते. चांगली वही तिथे ओली होईल, डाग पडतील. मग आठवड्याने घरी बसून नीट उतरवते."

"आणि तारीख?"

"तारीख छापलेलीच असते की पानावर."

मी कॉफी खाली ठेवली. "दाखव ते पान."

तिने घडी उलगडली. पानावर शनिवार छापला होता. आज रविवार. भिंतीवर आता रविवार लटकत होता आणि तिच्या हातात काल होता. अगं बाई! सकाळी फाडतात ते पान संपलेल्या दिवसाचं असतं. सोमवारी ही रविवारचं पान घेऊन कॉलेजला यायची, त्याच्या मागे सोमवारचं काम लिहायची, आणि आठवड्याने पान उलटून रविवार ही तारीख वहीत उतरवायची. वहीतली प्रत्येक नोंद एक दिवस मागे होती. तिने एकही आकडा रचला नव्हता.

मला हसू यायला लागलं आणि त्याच वेळी लाजेने कान गरम झाले. आमच्या घरी असंच कॅलेंडर आहे, पण आमच्याकडे पान फाडायची कुणाला आठवणच राहत नाही, आठ-आठ दिवस तीच तारीख. नाहीतर मला आधीच सुचलं असतं, अशी मी माझी समजूत घातली. पण ती खरी नव्हती. मी विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "सगळ्यांसमोर बोलले ते तर फारच चुकलं."

ती रडायला लागली. मग तिच्या आईने मलाच विचारलं की काय केलंस, आणि मला सगळं परत सांगावं लागलं. तेवढी शिक्षा ठीकच होती.

एका बिस्किटाच्या डब्यात तिने सगळी पानं जपून ठेवली होती. आम्ही ती जमिनीवर ओळीने मांडली. ओलसर, वाकडीतिकडी, एकावर रिठ्याचा तपकिरी डाग. पण त्यांच्यावर सगळं होतं! लडीचं आधीचं वजन, नंतरचं वजन, पाणी कधी उकळलं, किती वेळ उकळलं, फेस कसा होता. वहीत जे नव्हतं ते सगळं ह्या चिठोऱ्यांवर. दोन पानं मात्र सापडेनात. तिच्या आईने कबूल केलं की एकदा डब्यातल्या कागदात मोगरा बांधून शेजारी दिला होता.

आणि एक पान असं निघालं की जे वहीत उतरवलेलंच नव्हतं. त्यावर लिहिलं होतं, 'डि. वॉ. संपलं. बोअरचं पाणी घेतलं. साबण: दोन ग्रॅमचे एक पूर्णांक सहासष्ट. पांढरा साका धाग्याला चिकटला. रिठा: एक पूर्णांक साठ.' वर तिरकी रेघ मारून 'बिघडलं' असं लिहिलेलं.

"हे का नाही उतरवलंस?"

"बिघडलं म्हणून. साबणाने चोवीस टक्के निघायला हवं, सतराच निघालं. पुढचे चार दिवस मग मी मेकॅनिककडून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी विकत आणलं." ती चाचरत म्हणाली, "वहीत चूक कशाला लिहायची?"

हे तिलाच काय बोलणार? शाळेपासून आमचं सगळ्यांचं असंच. एक कच्ची वही, एक पक्की. पक्कीत उत्तर बरोबर आलेलं असायलाच हवं, नाहीतर सही मिळत नाही. अकरावीत मी स्वतः पुस्तकातलं उत्तर बघून त्यावरून उलटी मापं बसवली होती. पण ह्या पानाकडे बघता बघता मला एक गोष्ट दिसली. बोअरच्या क्षारांनी जड झालेल्या पाण्यात साबणाचा साका झाला, धाग्याला चिकटला, वजन फसलं. रिठ्याचं काय झालं? डिस्टिल्डमध्ये एकवीस टक्के, बोअरमध्ये वीस. जवळजवळ काहीच फरक नाही.

"तुमच्या भट्टीत कुठलं पाणी वापरतात?" मी विचारलं.

"बोअरचं. दुसरं कुठलं असणार?"

मी पानावरच्या 'बिघडलं' ह्या शब्दावर बोट ठेवलं.

मग ती एकदम उठली. कपाटातून एक कोरी करकरीत वही काढली. "मी आज दिवसभरात सगळं नवीन लिहिते," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "बरोबर तारखा, वजनं, हे पान, सगळं. तू नव्या वहीवर सही कर. कुणाला कळणार आहे?"

खरं सांगू? मला मोह झाला. तिच्यासाठी म्हणून नाही, माझ्यासाठी. जुनी वही गेली की माझा तो लाल शेराही जाणार होता, झोकदार शेपटासकट. बेंगळुरूच्या कुणा शास्त्रज्ञाने तो वाचावा असं मला अजिबात वाटत नव्हतं. आणि खाडाखोडीने, डागाळलेल्या चिठोऱ्यांनी भरलेली जुनी वही बघून त्यांनी तिलाच नकार दिला तर? सहा महिन्यांची संधी, तीही आयुष्यात पहिल्यांदा गावाबाहेर जायची, माझ्या एका हट्टापायी हातची गेली असती.

"नको," मी म्हणाले.

"का?"

"कारण मग ती खरोखर रचलेली वही होईल. आत्ता नाहीये."

तिला राग आला, तो दिसला. तिने नवी वही जमिनीवर आपटली. तिचे वडील इतका वेळ दारात उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "रंग चुकला तर मी लडी लपवत नाही. गिऱ्हाईकाला दाखवतो, कुठे चुकला ते सांगतो. ते परत माझ्याकडेच येतं." एवढं बोलून ते भट्टीकडे गेले. मग जुनी वही तिने स्वतःच पुढे ओढली.

सोमवारी मॅडमसमोर बसून आम्ही ती वही दुरुस्त केली. एकही पान फाडलं नाही. प्रत्येक चुकीच्या तारखेवर एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी बरोबर तारीख, त्याखाली दुरुस्ती केल्याची तारीख आणि तिची आद्याक्षरं. वजनकाट्याच्या रजिस्टरशी मी एकेक तारीख ताडून पाहिली. ह्या वेळी सोमवारच्या ओळीसुद्धा वाचल्या, आणि तिथे तिचं नाव नीटनेटक्या अक्षरात होतंच. कॅलेंडरची पानं वहीत चिकटवली, अर्धी सही पानावर आणि अर्धी वहीवर येईल अशी. जी दोन पानं मोगऱ्याबरोबर गेली होती, त्या दिवसांच्या आकड्यांसमोर तिने लिहिलं, 'मूळ नोंद उपलब्ध नाही, सरासरीत धरलेले नाही.' त्यातला एक आकडा तिचा सगळ्यांत चांगला होता. तरीही तिने लिहिलं. शेवटी एका स्वतंत्र पानावर तिने पाण्याची हकीकत लिहिली. कॉइल कधी जळली, बोअरचं पाणी कुठल्या दिवशी, बॅटरीचं पाणी कुठल्या चार दिवशी, आणि का.

माझा लाल शेराही मी तसाच ठेवला. त्यावर एक रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'मूळ नोंदी न मागता घाईने लिहिलेला शेरा. नोंदी तपासल्या, त्या खऱ्या आहेत.' सही साधी केली. मॅडमनी स्वतःची सही शेजारी केली. मंगळवारी वही गेली. सुबकपणा संपला होता तिचा, चिकटवलेल्या पानांनी फुगली होती.

नंतरचे पंधरा दिवस वाईट गेले. रोज मॅडमच्या खोलीवरून जाताना तिची पावलं हळू व्हायची. मी घरी आईला दहादा विचारलं की मी बरोबर केलं ना. आई वैतागून म्हणाली, "तू सही करण्याआधी विचारायचं होतंस, आता जेव."

मग एका दुपारी मॅडमनी बोलावलं. लॅपटॉपवर बेंगळुरूचे एक सर होते, पिकलेले केस, समोर तीच फुगलेली वही. ती खुर्चीत ताठ बसली. मी दारात, उगाच, कुणी हाकललं नाही म्हणून. त्यांनी सुबक तक्त्यांबद्दल एक प्रश्न विचारला नाही. पानं उलटत ते थेट त्या तिरकी रेघ मारलेल्या पानावर आले.

"हे बिघडलेलं माप का ठेवलंत?" त्यांनी विचारलं.

तिचं इंग्रजी कच्चं. ती अडखळली, माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे. आणि मग तमिळमध्येच बोलायला लागली, मॅडमनी ते त्यांना सांगितलं. "सर, ते बिघडलेलं नाही. मी तसं लिहिलं होतं, ते चुकीचं लिहिलं होतं. आमच्या गल्लीत सगळे ह्याच पाण्यात रेशीम उकळतात. डिस्टिल्ड वॉटरमधलं उत्तर कितीही छान असलं तरी माझ्या वडिलांच्या काय उपयोगाचं? हे एकच माप आमच्या घरचं आहे."

सरांनी काहीतरी लिहून घेतलं. मग विचारलं, "एकच माप पुरत नाही. हेच पुन्हा दहा वेळा करावं लागेल. वेगवेगळ्या बोअरच्या पाण्यात. कधी येऊ शकाल?"

मॅडम भाषांतर करायला तोंड उघडतात तोवर ती इंग्रजीतच बोलली. चार शब्द, पण खणखणीत.

"आज संध्याकाळची गाडी आहे, सर."

सर मोठ्याने हसले, म्हणाले की पुढच्या आठवड्यात आलात तरी चालेल. मी दारात रडत होते आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नव्हती. ती खुर्चीतून वळून मला म्हणाली, "रडतेस काय, तुझ्याकडचे डबे रिकामे कर. दहा घरांचं पाणी भरून न्यायचंय."